चोखोबांच्या अभंगाचा व्हिडिओ ‘द्वेषपूर्ण मजकूर’ म्हणून काढला. अपील एकदाच करता येतं, मसुदा बघाल का?

शुभा_सांगोला

आमच्या गावच्या भजनी मंडळाचं एका मोठ्या व्हिडिओ साईटवर छोटंसं चॅनल आहे. वडील (वय ७१) वीणा धरतात, चाली तेच सांगतात. मी फक्त मोबाईलवर चित्रण करते आणि चढवते. गेल्या आषाढीला पंढरपुरात महाद्वाराशी, नामदेव पायरीजवळ, चोखोबांच्या समाधीसमोर आमच्या दिंडीने ‘जोहार मायबाप जोहार’ म्हटला. ५ मिनिटं ४० सेकंदांचा व्हिडिओ. चार महिने कुणाची तक्रार नव्हती. परवा रात्री मेल आला: द्वेषपूर्ण मजकुराबद्दलच्या धोरणाचा भंग, व्हिडिओ काढला, चॅनलला ताकीद. कारण म्हणून एकच ओळ, “संरक्षित समूहाविरुद्ध”. कुठला समूह, कितव्या सेकंदाला, काही नाही.

अपीलाची खिडकी आहे, त्यात १००० अक्षरं मावतात आणि अपील एकदाच करता येतं असं लिहिलंय. मी रागाच्या भरात हे लिहिलं, पण अजून पाठवलेलं नाही:

“आम्ही वारकरी आहोत. आमची परंपरा सातशे वर्षांची आहे. आम्ही कधीच कुणाचा द्वेष केलेला नाही. तुम्हाला आमचा धर्म कळत नसेल तर हात लावू नका. लाखो भाविकांच्या भावना दुखावल्या आहेत. व्हिडिओ ताबडतोब परत टाका.”

वडिलांना मी आधी सांगितलंच नव्हतं. काल त्यांनीच विचारलं, “आपलं ते गाणं का दिसंना?” सांगितल्यावर बराच वेळ गप्प बसले. मग उठून थेट आमच्या मागच्या आळीतल्या बौद्ध वस्तीत त्यांच्या शाळेतल्या मित्राकडे गेले आणि विचारून आले, “माझ्या गाण्यात तुला काही लागलं का रे?” ते ऐकून मला रडूच आलं. म्हणून हे अपील नीट व्हायला हवं.

काकडआरती

शुभाताई, घाबरू नका. घटनेच्या कलम २५ ने धर्मस्वातंत्र्य दिलेलं आहे. भजनाला कुणी हात लावू शकत नाही. अपीलात पहिल्या ओळीत कलम टाका, बघा कसे सुतासारखे सरळ येतात. आणि तोवर तोच व्हिडिओ दुसऱ्या नावाने परत चढवा. लोकांना दर्शन तरी होईल.

रात्रपाळी

काका, परत चढवणं एवढं मात्र कृपा करून सांगू नका. काढलेल्या चित्रफितीचा ठसा यंत्राकडे राहतो. तीच फीत दुसऱ्या नावाने आली की ती मुद्दाम केलेली पुनरावृत्ती धरली जाते, आणि ताकीद होती तिथे स्ट्राईक बसतो. ताई, चॅनलवरून तो व्हिडिओ स्वतः डिलीटही करू नका. अपील चालू असताना वस्तू जागेवर असलेली बरी.

मी दोन वर्षं अशा तक्रारी तपासायच्या कामावर होतो, कंत्राटी कंपनीत, हिंदी आणि मराठी रांगेवर. तुमचा मसुदा मनापासूनचा आहे, पण तपासणाऱ्याच्या बाजूने वाचा. त्याच्यासमोर व्हिडिओ उघडतो तो बहुतेक वेळा यंत्राने खूण केलेल्या सेकंदापासून. सोबत तुमचं अपील. एका प्रकरणाला मिनिट-दोन मिनिटं. त्यात त्याला एवढंच ठरवायचं असतं की खूण केलेल्या ठिकाणी जे आहे ते धोरणात बसतं का. ‘आम्ही द्वेष करत नाही’ हे प्रत्येकजण लिहितो, द्वेष करणाराही लिहितो. त्यातून त्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याला सांगावं लागतं की अमुक सेकंदाला जा, हा शब्द ऐक, तो कोण कुणाबद्दल म्हणतोय ते बघ.

तीन गोष्टी विचारतो. व्हिडिओचं शीर्षक काय होतं? भाषा कुठली निवडली होती? आणि आपोआप उमटलेली उपशीर्षकं तुमच्या बाजूने अजून दिसतात का?

मेघा_फोंडा

आमच्याही बाबतीत अगदी हेच झालं! ह्यांनी गणपतीच्या आरतीचा व्हिडिओ टाकला तर आवाजच बंद करून टाकला. कुठल्याशा कॅसेट कंपनीचा हक्क म्हणे. आरती काय कंपनीने लिहिली? आम्ही अपील केलं आणि आठवड्याभरात सुटलं. तुम्हीही ‘ही पारंपरिक रचना आहे, कुणाचा हक्क नाही’ असं लिहा, होईल काम.

रात्रपाळी

मेघाताई, तुमचं प्रकरण स्वामित्वहक्काचं होतं. तिथे ‘रचना जुनी आहे’ हे पुरेसं उत्तर ठरतं. इथे आरोप वेगळा आहे. रचना कितीही जुनी असली तरी ती अपमान करते का, हा प्रश्न उरतोच. जुन्या ग्रंथांत जातीवरून अपमान करणारा मजकूर भरपूर आहे, तेव्हा वय सांगून भागत नाही.

शुभा_सांगोला

शीर्षक होतं ‘तुमच्या महाराचा मी महार | पंढरपूर आषाढी’. भाषा मी कधी निवडलीच नाही. आता बघितलं तर साईटने आपणहून हिंदी लावलेली आहे. उपशीर्षकं माझ्या खात्यातून अजून उघडतात. उघडली आणि अंगावर काटा आला. धृपद आहे ते, त्यामुळे ती ओळ ११ वेळा येते, त्यातल्या निम्म्या ठिकाणी हे असं:

```
24
00:02:14,000 --> 00:02:19,000
तुम महार मार
```

आम्ही म्हणतोय ‘तुमच्या महाराचा मी महार’. दुसऱ्या फेरीला लय दुप्पट होते, पखवाज आणि चाळीस टाळ एकदम, त्यात ‘मी महार’चं ‘मार’ झालं.

रात्रपाळी

ही फाईल आत्ताच्या आत्ता उतरवून ठेवा, आणि पडद्याचा फोटो असा काढा की तारीख दिसेल. मराठी गाणं हिंदी समजून ऐकलं की असं होतं. यंत्र आपल्याला ठाऊक असलेल्या शब्दांत आवाज कोंबतं. जातीचं नाव आणि शेजारी ‘मार’, तेही पाच-सहा वेळा. यामुळेच खूण झाली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. शीर्षकामुळे झाली असेल, कुणी रिपोर्ट केलं असेल. पण दाखवण्याजोगा पुरावा आहे हा. अपीलात ‘तुमचं यंत्र चुकलं, म्हणून तुम्ही चुकलात’ असं लिहू नका. ‘२:१४ ला असं उमटलंय, प्रत्यक्ष शब्द हे आहेत’ एवढंच.

आणखी एक. व्हिडिओखाली कॉमेंट कशा होत्या?

शुभा_सांगोला

चाळीसेक. बहुतेक ‘राम कृष्ण हरी’. मेलमध्ये जुन्या सूचना शोधल्या तर तीन घाणेरड्या सापडल्या, जातीवरून सरळ शिव्या. माझ्या लक्षातच आल्या नव्हत्या. फार वाईट वाटतंय.

नागसेनवनातला

मी दोन दिवस वाचतोय, लिहू की नको असं चाललं होतं. शुभाताई, तुमच्या वडिलांनी मित्राला जाऊन विचारलं हे वाचून लिहितो.

हा शब्द माझ्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर आहे आणि तो त्यांना ज्या आवाजात हाक मारताना वापरला गेला तो आवाजही आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आम्ही १९५६ नंतर तो मागे टाकला. त्यामुळे मोठ्या अक्षरांत शीर्षक म्हणून ‘महाराचा मी महार’ दिसला, खाली हार घातलेले पन्नास लोक टाळ वाजवताहेत, तर माझा अंगठा रिपोर्टच्या बटणावर जाणार नाही असं मी सांगू शकत नाही. अभंग मला ठाऊक असूनही. ज्याला ठाऊक नाही त्याचं काय?

चोखोबांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. बाबासाहेबांनी १९४८ चं अस्पृश्यांवरचं पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केलं आहे. पण ‘उष्ट्यासाठी पाटी आणली’ ही ओळ भक्तीची म्हणून गोड लागते ती गाणाऱ्याला. माझ्या आजीने खरोखरची पाटी नेलेली आहे. तुमच्या अपीलात ‘भावना दुखावल्या’ आहे, त्यात या बाजूच्या भावनेला जागा नाही.

काकडआरती

अहो, पण वारीत जात नसतेच. सगळे माऊली. वडील ‘मी महार’ म्हणतात तेव्हा ते स्वतःलाच म्हणतात ना? मग स्वतःला म्हटलेला शब्द शिवी कसा होईल? हेच लिहा ताई, स्वतःबद्दल वापरलेला शब्द चालतो असा नियमच आहे त्यांचा.

रात्रपाळी

काका, नियम तुम्ही बरोबर सांगितलात. बहुतेक मोठ्या साईट्स स्वतःच्या समूहाबद्दल वापरलेला शब्द मान्य करतात. पण गाणारे त्या जातीचे आहेत का? शुभाताईंनी तसं म्हटलेलं नाही. ‘आम्ही सगळे माऊली’ म्हणून तो हक्क गाणाऱ्यांनी घेतला तर एक तर ते खरं नाही, आणि नागसेनवनातल्या दादांनी जे मांडलं त्यावर पाय देऊन पुढे गेल्यासारखं होईल. शब्द चोखोबांचा आहे, स्वतःबद्दल बोलताहेत ते. गाणारे त्यांचे शब्द त्यांच्या नावानिशी म्हणताहेत. ‘चोखा म्हणे’ ही नाममुद्रा व्हिडिओत ऐकू येते ना? तो पुरावा आहे. कवीने स्वतःच सही केली आहे, त्यासाठी दुसरं प्रमाणपत्र लागत नाही.

या प्रकारचं एक गाजलेलं प्रकरण सांगतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये उत्तर अमेरिकेतल्या एका आदिवासी कलाकाराने फेसबुकवर मण्यांच्या पारंपरिक पट्ट्याचा फोटो टाकला. आदिवासी मुलांना निवासी शाळांत डांबून त्यांची ओळख पुसली गेली, त्यावरची ती कलाकृती. तिच्या नावातच त्या काळचं कुप्रसिद्ध वाक्य होतं, ‘इंडियनाला मारा, माणूस वाचवा’ अशा अर्थाचं. यंत्राने खूण केली, माणसाने तपासून द्वेषाच्या नावाखाली काढली. कलाकाराने अपील केलं, दुसऱ्या माणसानेही तेच म्हटलं. प्रकरण त्यांच्या ओव्हरसाइट बोर्डाकडे निवडलं गेलं तेव्हा कंपनीने चूक मान्य केली, आणि डिसेंबरात बोर्डाने काढण्याचा निर्णय चुकीचा ठरवला. मुद्दा हा की पोस्ट कशाबद्दल आहे ते त्याच पोस्टमध्ये लिहिलेलं होतं, तरी दोन माणसं त्या एका वाक्याशी अडखळली. म्हणून संदर्भ नुसता असून भागत नाही, त्या वाक्याला चिकटून आणि ज्या जागी तो दिसतो ती जागा दाखवून द्यावा लागतो. तुमची साईट वेगळी आहे, तो निकाल तिला बांधील नाही, त्याचा दाखला देण्यात अक्षरं घालवू नका.

वकीलवाडा

कलम २५ बद्दल एवढंच: ते सरकारविरुद्ध चालतं, खासगी साईटविरुद्ध अपीलाच्या खिडकीत त्याचा उपयोग नाही. अक्षरं वाया जातील.

अपील फेटाळलं तर पुढचा रस्ता आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ५० लाखांहून जास्त भारतीय वापरकर्ते असलेल्या साईटने आपणहून मजकूर काढला तर कारण कळवून हरकत घ्यायची संधी द्यायला हवी, आणि भारतात तक्रार अधिकारी नेमलेला हवा. मूळ नियमांत त्याने २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल द्यायचा होता. मुदती पुढे बदलत राहतात, त्या दिवशीचा नियम तपासून घ्या. त्याच्या उत्तरावर समाधान नसेल तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in वर जाता येतं. तिथे मूळ तक्रार आणि तिचं उत्तर जोडावं लागतं. म्हणून प्रत्येक मेल, तारखेसकट, एका फोल्डरमध्ये ठेवा. फोनवर बोलणं झालं हा पुरावा होत नाही.

शुभा_सांगोला

सगळ्यांचे आभार. काल रात्री वडिलांना घेऊन बसले. त्यांना नागसेनवनातल्या दादांचं उत्तर पूर्ण वाचून दाखवलं. म्हणाले, “खरं आहे. आपण गातो तवा ते गाऱ्हाणं आहे हे लोकांना सांगत न्हाई.” मग त्यांनी मला एक गोष्ट दाखवली जी मी इतकी वर्षं ऐकूनही पाहिली नव्हती. पहिल्या कडव्यात ‘तुमच्या महाराचा मी महार’ आहे आणि तिसऱ्यात ‘तुमच्या दासाचा मी दास’. बांधणी तीच, फक्त शब्द बदलला. म्हणजे पहिल्या ओळीचा अर्थ चोखोबांनीच पुढे सांगून ठेवलाय. ही ओळ आमच्या व्हिडिओत ३:३० ला आहे.

एक अडचण अशी की खिडकी मात्रा वेगळ्या मोजते. ‘महाराचा’ ही आपण चार अक्षरं धरतो, ती सात धरते. त्यामुळे हजारात फार थोडं बसतं. नवा मसुदा:

“हा व्हिडिओ संत चोखामेळा यांच्या अभंगाचा आहे. चोखामेळा चौदाव्या शतकातले, अस्पृश्य मानलेल्या महार जातीत जन्मलेले संत. अभंगात ते देवाशी स्वतःबद्दल बोलतात. २:१४ ला शब्द आहेत ‘तुमच्या महाराचा मी महार’, म्हणजे देवाच्या सेवकाचाही मी सेवक. हाच अर्थ ३:३० ला ‘तुमच्या दासाचा मी दास’ या ओळीत येतो. ४:२२ ला ‘चोखा म्हणे’ ही कवीची सही. ०:३८ ला दिसते ती पंढरपुरातली त्यांची समाधी. गायन तिच्यासमोर झालं. आपोआप उमटलेल्या उपशीर्षकांत भाषा हिंदी धरल्याने २:१४ ला ‘तुम महार मार’ असं चुकीचं आलं आहे; कृपया मूळ आवाज ऐकावा. हा शब्द इतरत्र अपमानासाठी वापरला जातो हे आम्ही जाणतो. या व्हिडिओत कुणाला धमकी, कमीपणा किंवा अपमान नाही. व्हिडिओ परत दाखवावा व ताकीद काढावी.”

रात्रपाळी

चांगला आहे. दोन बदल सुचवतो. उपशीर्षकांचं वाक्य वर आणा, ‘२:१४ ला शब्द आहेत’च्या लगेच पुढे. तपासणारा तिथेच उभा असेल, खाली पोचेपर्यंत त्याचं मत बनलेलं असेल. आणि शेवटी जागा उरली तर इंग्रजीत एक-दोन सोपी वाक्यं टाका, संताचं नाव आणि २:१४ एवढं आलं तरी पुरे. मराठी प्रकरण मराठी वाचणाऱ्याकडेच जाईल याची मी खात्री देणार नाही. माझ्या रांगेत मराठी न येणारेही मराठी व्हिडिओ बघायचे.

‘हा शब्द इतरत्र अपमानासाठी वापरला जातो’ हे वाक्य अजिबात काढू नका. तपासणाऱ्याच्या मनातली शंका तुम्हीच बोलून दाखवली की तो पुढचं वाक्य ऐकून घेतो.

काकडआरती

ते वाक्य मला खटकतंय. आपणच कबुली दिल्यासारखं होतं. बाकी मसुदा उत्तम. ‘दासाचा मी दास’चं मलाही कधी असं जाणवलं नव्हतं. वडिलांना माझा नमस्कार सांगा.

नागसेनवनातला

मला ते वाक्य हवंय. तेवढ्यासाठी मी हा मसुदा माझा मानतो.

शुभा_सांगोला

वाक्य ठेवलं. दोन्ही बदल केले, खाली इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या, उपशीर्षकांचा फोटो जोडायची सोय होती तिथे जोडला. आज सकाळी ९:१० ला पाठवलं, पोच आली. फोल्डर केलंय वकीलवाडा, त्यात मूळ मेल, अपील, पोच, उपशीर्षकांची फाईल सगळं ठेवलं.

शुभा_सांगोला (चार दिवसांनी)

व्हिडिओ परत आला! ताकीदही निघाली. मेल दोन ओळींचा: पुन्हा तपासलं, धोरणाचा भंग आढळला नाही. कारण तेव्हाही सांगितलं नव्हतं, आताही नाही. त्यामुळे शीर्षक, ‘मार’, की कुणाचं रिपोर्ट, ते मला कळलेलं नाही.

वडिलांना दाखवला तर पूर्ण ५ मिनिटं ४० सेकंद बघितला आणि म्हणाले, “दुसऱ्या फेरीला लय जास्तच चढली होती.”

तीन शिव्यांच्या कॉमेंट काढल्या, नव्या कॉमेंट मी बघितल्याशिवाय दिसणार नाहीत असं लावलं. भाषा मराठी केली. यंत्राची उपशीर्षकं काढून आमची घातली:

```
24
00:02:14,000 --> 00:02:19,000
तुमच्या महाराचा मी महार
```

रात्रपाळी

फार बरं वाटलं. चॅनलवरच्या जुन्या व्हिडिओंचीही भाषा तपासा. सगळ्यांना हिंदी लागली असेल.

शुभा_सांगोला

३१ पैकी २७ ना हिंदीच होती. बदलते आहे.

नागसेनवनातला

आनंद झाला. शीर्षकाचं काय ठरलं?

शुभा_सांगोला

त्यावर घरात अजून एकमत नाही दादा. मी ‘संत चोखामेळा अभंग: जोहार मायबाप’ असं करूया म्हणते, आणि वर्णनात अभंग कुणाचा, कुठल्या परिस्थितीतला, ते चार ओळींत. वडिलांचं म्हणणं आहे की चोखोबांनी लपवलं नाही ते आपण का लपवायचं. त्यांच्या मित्राने काल चहाला बसून सांगितलं, “शीर्षकात नको, गाण्यात राहू दे.” वडील ‘बघू’ म्हणाले.

काकडआरती

मी वडिलांच्या बाजूने. पण मित्राचं ऐकावं.

मेघा_फोंडा

शुभाताई, ती भाषा कुठे बदलतात? आमच्या आरतीलाही हिंदीच दिसतंय.